बाळंतपणानंतर लगेच नळ्या बांधाव्यात का, आणि बांधूनही दिवस गेले तर?

प्रश्न: मी २६ वर्षांची, दुसरं बाळ पुढच्या महिन्यात होणार. डॉक्टर म्हणतायत बाळंतपण झालं की लगेच नळ्या बांधून टाकू. पण माझ्या मावसबहिणीचं ऑपरेशन झालेलं असून चार वर्षांनी तिला नळीत गर्भ राहिला, खूप सीरियस झाली होती. मग करून उपयोग काय? आणि करायचंच तर लगेच करू की थांबू?

उत्तर: आधी मावसबहिणीचंच घेते, कारण ते नीट समजलं की बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते, साधारण १० सेंटीमीटर लांब, पिशवीजवळ अगदी बारीक आणि बीजकोशाकडे जाताना रुंद होत जाऊन शेवटी झालर असल्यासारखी. बीज त्या झालरीच्या बाजूने आत येतं, शुक्राणू पिशवीच्या बाजूने वर चढतात, दोघांची गाठ नळीच्या बाहेरच्या रुंद भागात पडते आणि मग तयार झालेला गर्भ चार-पाच दिवस सरकत सरकत पिशवीत येऊन रुजतो. नसबंदीत आपण काय करतो तर मधला रस्ता बंद करतो. आता समजा काही वर्षांनी त्या बंद केलेल्या जागी सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, किंवा कापलेल्या दोन टोकांमध्ये बारीकशी वाट तयार झाली. शुक्राणू इतका बारीक असतो की तो त्यातून निघून जातो. पण पलीकडे जाऊन तयार झालेला गर्भ पेशींचा गोळा असतो, तो त्याच भोकातून परत पिशवीकडे येऊ शकत नाही. तो तिथेच अडकतो आणि नळीतच रुजतो. म्हणून नसबंदी फेल गेली तर जो गर्भ राहतो तो नळीत असण्याची शक्यता एरवीपेक्षा कितीतरी जास्त असते. तुमच्या बहिणीचं नशीब वाईट वगैरे काही नाही, ह्या ऑपरेशनच्या अपयशाचा स्वभावच तसा आहे.

आता आकडे, फार नाही, दोन-तीनच देते. ह्या विषयावर सगळ्यात जास्त सांगितला जातो तो अमेरिकेतला क्रेस्ट नावाचा अभ्यास, १९७८ ते १९८६ ह्या काळात नसबंदी झालेल्या १० हजारांहून जास्त बायकांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये निकाल छापले. सगळ्या पद्धती एकत्र धरल्या तर १० वर्षांत १००० बायकांमागे साधारण १८ ते १९ जणींना दिवस गेले. आणि ज्या गरोदर राहिल्या त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश गर्भ नळीत होते. हे वाचून लगेच धास्ती घेऊ नका, पुढचं वाचा. एक तृतीयांश हे गरोदर राहिलेल्यांपैकी आहे, ऑपरेशन झालेल्यांपैकी नाही. ऑपरेशन झालेल्या १००० बायकांमागे १० वर्षांत नळीतला गर्भ राहिला तो सुमारे ७ जणींना. काहीच साधन न वापरणाऱ्या बाईला आयुष्यात नळीत गर्भ राहण्याचा धोका ह्याहून जास्त असतो, कारण तिला मुळात गर्भच वारंवार राहतो. म्हणजे ऑपरेशनने नळीतल्या गर्भाचा एकूण धोका वाढत नाही, कमीच होतो, पण ऑपरेशननंतर पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मात्र तो गर्भ नळीतच आहे असं धरून चालायचं, जोपर्यंत सोनोग्राफीत पिशवीच्या आत गर्भ दिसत नाही तोपर्यंत. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात पण नाहीत, आणि माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांचा गोंधळ इथेच होतो.

दुसरी गोष्ट त्याच अभ्यासातली, जी तुमच्या कामाची आहे. पद्धतीप्रमाणे आकडे खूप वेगळे येतात. बाळंतपणानंतर लगेच नळीचा तुकडा कापून केलेल्या ऑपरेशनमध्ये १० वर्षांत १००० मागे साधारण ७ ते ८ जणींना दिवस गेले आणि नळीतला गर्भ १००० मागे एक-दोघींनाच. तेच दुर्बिणीतून नळी विजेने जाळण्याच्या त्या काळच्या एका पद्धतीत, बायपोलर म्हणतात त्यात, १००० मागे २५ च्या आसपास फेल आणि नळीतला गर्भ १७. नळीच्या वळशावर रबरी रिंग बसवण्याच्या पद्धतीत ह्या दोन्हींच्या मधले आकडे. शिवाय वय. ज्या बायकांचं ऑपरेशन अठ्ठावीसच्या आत झालं त्यांच्यात फेल जाण्याचं प्रमाण जवळपास सगळीकडे जास्त, कारण पुढे मूल होण्याची क्षमता असलेली वर्षंच जास्त उरलेली असतात. बाळंतपणानंतरच्या पद्धतीतही त्या वयात १००० मागे ११ च्या आसपास. तुम्ही २६ च्या, म्हणजे तुमच्यासाठी हा ११ चा आकडा धरा.

आता एक केस सांगते, नावगाव नाही, थोडे तपशील बदललेत. २९ वर्षांची बाई, पंचविसाव्या वर्षी दुर्बिणीतून रिंग बसवलेल्या, बिनटाक्याचं म्हणतात ते. दोन मुलं. चार वर्षं काही नाही. मग एकदा पाळी आठ-दहा दिवस लांबली, त्यानंतर काळपट डाग पडायला लागले, रोज थोडे थोडे. तिला वाटलं पाळीच आली पण नीट येत नाहीये. उजवीकडे ओटीपोटात दुखत होतं. जवळच्या दवाखान्यात गेली, तिथे विचारलं दिवस गेलेत का, ती म्हणाली नाही हो ऑपरेशन झालंय. झालं, तिथेच विषय संपला, अ‍ॅसिडिटी आणि लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या मिळाल्या. पाच दिवसांनी माझ्याकडे आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती. मला जी गोष्ट खटकली ती पोटदुखी नव्हती, ती म्हणाली उजवा खांदा दुखतोय, आडवं झालं की जास्त. पोटात रक्त साठलं की ते वर जाऊन पडद्याखाली, म्हणजे छाती आणि पोटामधल्या डायाफ्रामला लागतं आणि ते दुखणं खांद्यावर जाणवतं. खांद्याला काहीही झालेलं नसतं. नाडी ११२, बीपी ९६/६०, डोळ्याच्या आतली कड पांढरी फट्ट.

लघवीची टेस्ट तिथल्या तिथे केली, दोन लाइन. तिच्या नवऱ्याचा चेहरा मला आजही आठवतो, तो म्हणाला मॅडम मशीन चुकलंय. सोनोग्राफी खालून केली, पिशवी रिकामी, उजवीकडे तीन सेंटीमीटरची गाठ आणि पोटात मोकळं रक्त. अशा वेळी गरोदरपणाचं हार्मोन रक्तात किती आहे त्याचा, म्हणजे बीटा एचसीजीचा, रिपोर्ट यायची वाट बघत बसत नाहीत. रक्ताची सोय लावली आणि थेट थिएटरमध्ये घेतलं. पोटात लिटरभर रक्त निघालं. उजव्या नळीची रिंग जागेवर होती, म्हणजे ज्याने ऑपरेशन केलं त्याने ती नळीवरच बसवली होती, पण नळीची दोन टोकं जशी एकमेकांपासून लांब जायला हवीत तशी गेलेली नव्हती, आणि झालरीकडच्या अर्ध्या तुकड्यात गर्भ वाढून नळी फाटली होती. उजवी नळी काढली, आणि आधी संमती घेतलेली होती म्हणून डावीही पूर्ण काढली. दोन बाटल्या रक्त लागलं, चौथ्या दिवशी घरी गेली.

ह्या केसमध्ये ऑपरेशन करणाऱ्याची चूक होती असं मी म्हणणार नाही. फेल जाण्याची कारणं वेगवेगळी असतात. कधी खरंच चूक असते, नळीऐवजी शेजारचा राउंड लिगामेंट बांधला जातो, तो दिसायला नळीसारखाच दोरा असतो आणि घाईत, छोट्या छेदातून, फसगत होऊ शकते. कधी बाई ऑपरेशनच्या दिवशी आधीच गरोदर असते, पाच-सहा दिवसांचा गर्भ, कुठलीच टेस्ट पॉझिटिव्ह येणार नाही अशी स्थिती. आणि बऱ्याच वेळा सगळं बरोबर करूनही शरीर जखम भरताना नको ती वाट उघडून ठेवतं. तिच्या बाबतीत खरी चूक नंतरची होती, ऑपरेशन झालंय हे उत्तर ऐकून गरोदरपणाची टेस्टच न करणं. पाच दिवस आधी ती पट्टी बुडवली असती तर नळी फाटायच्या आत कळलं असतं. आणि हे फक्त पहिल्या वर्षीच होतं असं नाही, त्याच अभ्यासात चौथ्या ते दहाव्या वर्षातला नळीतल्या गर्भाचा धोका पहिल्या तीन वर्षांपेक्षा कमी झालेला नव्हता. इतकी वर्षं झाली आता काय होतंय, हे गणित इथे चालत नाही.

आता तुमच्याकडे येते. बाळंतपणानंतर लगेच करण्यात तांत्रिक फायदा काय, तो आधी समजून घ्या. बाळंतपण झालं की गर्भपिशवीचा वरचा भाग बरोबर बेंबीच्या आसपास असतो. नळ्या त्या वरच्या कोपऱ्यांतून निघतात, म्हणजे त्याही वर आलेल्या असतात. बेंबीच्या खाली दोन-तीन सेंटीमीटरचा छोटा छेद घेतला की बोटाने नळी समोर ओढता येते. पिशवी रोज साधारण एका बोटाने खाली सरकते आणि दहा-बारा दिवसांत पार कमरेच्या हाडामागे जाते. म्हणून वेळ महत्त्वाची. पहिल्या दोन दिवसांत करणं सगळ्यात सोपं, सातव्या दिवसापर्यंत करता येतं, आणि सात दिवसांनंतर ते सहा आठवड्यांपर्यंत करत नाहीत. त्या काळात पिशवी ना धड वर ना धड खाली, नळ्या अजून सुजलेल्या आणि नाजूक, ओढताना फाटून रक्तस्राव होतो, इन्फेक्शनचाही धोका जास्त. म्हणून पहिला आठवडा हुकला की सरळ सहा आठवडे थांबायचं आणि मग ओटीपोटावरच्या छोट्या छेदातून किंवा दुर्बिणीतून करायचं. सिझर होणार असेल तर प्रश्नच नाही, पोट उघडलेलंच असतं, त्याच छेदातून काही मिनिटांचं काम.

बाळंतपणानंतर दुर्बिणीतून का नाही करत असं पुष्कळ जणी विचारतात, बिनटाक्याचं ऐकायला बरं वाटतं ना. ताज्या बाळंतिणीच्या नळ्या जाड आणि सुजलेल्या असतात, रिंग त्यावर नीट बसत नाही आणि एवढी मोठी पिशवी असताना आत सुई घालणंही धोक्याचं. त्या वेळी हाताने बांधून कापलेलंच चांगलं.

थिएटरमध्ये काय करतात तेही सांगते, कारण ह्यात एक पायरी अशी आहे जी चुकली तर पुढचं सगळं फुकट. नळी बाहेर ओढली की तिच्यावर चिमटे लावत लावत थेट टोकापर्यंत जायचं आणि झालर डोळ्यांनी बघायची. झालर दिसली म्हणजे ही नळीच, लिगामेंटला झालर नसते. मी असिस्टंटला मोठ्याने विचारते, झालर दिसली? तो हो म्हणाला की मगच दोरा मागते. मग नळीच्या मधल्या भागाचा एक वळसा उचलायचा, त्याच्या बुडाशी प्लेन कॅटगटची गाठ मारायची आणि वरचा साधारण दोन सेंटीमीटरचा तुकडा कापून काढायचा. कॅटगट मुद्दाम लवकर विरघळणारा वापरतात, हे लोकांना उलटं वाटतं. काही दिवसांत दोरा विरघळला की कापलेली दोन टोकं आपोआप एकमेकांपासून लांब सरकतात आणि त्वचा भरावी तशी वेगवेगळी बुजतात, पक्क्या दोऱ्याने एकत्र घट्ट बांधून ठेवली तर उलट शेजारी शेजारी राहून वाट उघडायची भीती. काढलेले दोन्ही तुकडे उजवा-डावा अशा वेगळ्या बाटल्यांत तपासायला पाठवले तर तो तुकडा नळीचाच होता हे कागदावर येतं. सगळीकडे पाठवतात असं नाही, पण विचारायला हरकत नाही.

हल्ली काही ठिकाणी नळी बांधण्याऐवजी दोन्ही नळ्या पूर्णच काढतात, कारण बीजकोशाच्या कॅन्सरचा एक मोठा प्रकार नळीच्या झालरीतून सुरू होतो असं आता दिसलंय आणि नळीच नसली तर नळीत गर्भ राहण्याचा प्रश्नही जवळजवळ संपतो. सिझरच्या वेळी हे करणं अनुभवी हाताला जमतं. बाळंतपणानंतर बेंबीखालच्या छोट्या छेदातून मात्र सगळ्या नळ्या काढणं प्रत्येक ठिकाणी जमेलच असं नाही, त्या वेळी तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. आणि हे केलं की पुन्हा जोडण्याचा मार्ग उरत नाही, टेस्ट ट्यूब बेबी तेवढी उरते.

लगेच करणं कधी पुढे ढकलायचं? ताप आला असेल, पाणी २४ तासांहून जास्त आधी गेलेलं असेल, बीपी खूप वाढून झटक्यांपर्यंत गेलं असेल, बाळंतपणात किंवा नंतर खूप रक्त गेलं असेल, तेव्हा थांबतात. आणि एक गोष्ट मी स्वतः धरते, बाळ. बाळ कमी दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत असेल, कावीळ जास्त असेल, श्वास नीट नसेल तर मी पहिल्या दोन दिवसांत नळ्या बांधत नाही, कितीही आग्रह केला तरी. सहा आठवड्यांनी करता येतं, घाई नाही. बाळाचं काही बरंवाईट झालं तर तिला आयुष्यभर वाटणार की मी दोन दिवस थांबले असते तर.

इथून तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग येतो. तांत्रिकदृष्ट्या लगेच करणं चांगलं, आकडेही चांगले, पण २६ व्या वर्षी केलेल्या ऑपरेशनचा पश्चात्ताप होण्याचं प्रमाण जास्त असतं. त्याच क्रेस्टच्या बायकांना १४ वर्षांपर्यंत विचारत राहिले, तर ज्यांचं ऑपरेशन तिशीपर्यंत झालं होतं त्यातल्या सुमारे २० टक्के कधी ना कधी म्हणाल्या की नको करायला हवं होतं, तिशीनंतर केलेल्यांत ६ टक्के. पाचातली एक हा छोटा आकडा नाही. कारणं विचाराल तर मूल दगावणं, नवरा बदलणं, पुन्हा लग्न, किंवा तेव्हा दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं हे. आणि पुन्हा नळी जोडण्याचं ऑपरेशन होतं खरं पण नळी किती शिल्लक आहे, वय किती, ह्यावर यश अवलंबून, आणि जोडलेल्या नळीत गर्भ अडकण्याचा धोका पुन्हा असतोच. म्हणून मी ह्या ऑपरेशनला कायमचं ऑपरेशन म्हणते आणि बाईच्या तोंडून तो शब्द परत ऐकते.

माझ्या टेबलावर अशा वेळी चालणारं बोलणं साधारण असं असतं. आधी नवरा-सासूला बाहेर बसवते आणि तिला एकटीला विचारते, तुला स्वतःला हवंय का? मग विचारते, देव न करो पण दोघांपैकी एक मूल गेलं तर? हा प्रश्न कडू आहे पण विचारते. गप्प बसली तर मी ऑपरेशनचा कागद पुढे सरकवत नाही. मग सांगते की तितकीच खात्रीची आणि परत काढता येणारी साधनं आहेत, कॉपर टी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, कॉपर टीसारखंच पिशवीत बसवायचं हार्मोनचं आययूडी आहे, दंडातलं इम्प्लांट आहे, ह्यांचे फेल जाण्याचे आकडे नसबंदीच्या फार लांब नाहीत. आणि नवऱ्याची नसबंदी, जी खरं तर जास्त सोपी, पोट उघडावं लागत नाही, भूलही जागेपुरती, फक्त तीन महिने थांबून वीर्य तपासून शुक्राणू नाहीत हा रिपोर्ट आल्यावरच त्यावर विसंबायचं. हे ऐकून नवरे खुर्चीत सरकून बसतात, पण सांगणं माझं काम.

आणि हे सगळं बोलणं आत्ता, कळा सुरू व्हायच्या आधी. कळांमध्ये घेतलेली सही मी संमती मानत नाही, त्या वेळी बाई कशावरही सही करेल. तुमच्याकडे महिना आहे. निर्णय ठाम झाला तर फाइलवर आधीच लिहून ठेवा, आणि ऐनवेळी मन बदललं तर नको म्हणायचा हक्क शेवटच्या मिनिटापर्यंत तुमचा आहे. मला विचाराल तर तुमच्या वयाला, मनात थोडीही शंका असेल तर मी कॉपर टी सुचवेन आणि दोन-चार वर्षांनी पुन्हा बोलूया म्हणेन. पण तुम्ही दोन मुलांनंतर ठाम असाल आणि बाळ धडधाकट असेल तर लगेच करून घेण्यात काही वावगं नाही, बहिणीच्या भीतीने मागे हटायचं कारण नाही, कारण बाळंतपणानंतर हाताने कापून केलेल्या ऑपरेशनमध्ये नळीतला गर्भ राहण्याचं प्रमाण सगळ्यात कमी असलेल्यांपैकी आहे.

थांबून नंतर करायचं ठरवलं तर दोन गोष्टी. मधल्या सहा आठवड्यांत आणि पुढे ऑपरेशन होईपर्यंत दुसरं साधन वापरा, अंगावर पाजतेय म्हणून दिवस जाणार नाहीत ह्यावर पूर्ण विसंबू नका. आणि ऑपरेशन शक्यतो पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत, नाहीतर ते आधीच गरोदर असण्याचं प्रकरण होतं ज्याचा मी वर उल्लेख केला. पाळीच परत आलेली नसेल तर टेस्ट निगेटिव्ह येऊनही आठवडाभराचा गर्भ सुटू शकतो, म्हणून मधल्या दिवसांत साधन काय होतं हे डॉक्टरांना खरं सांगा.

नळ्या बांधल्याने हार्मोन बदलत नाहीत, बीजकोश तसेच काम करत राहतात, पाळी येत राहते, दूध कमी होत नाही, इच्छा कमी होत नाही. ज्या आधी गर्भनिरोधक गोळ्या खात होत्या आणि ऑपरेशननंतर थांबवल्या त्यांना पाळी बदलल्यासारखी वाटते, ती गोळ्या थांबल्याने.

आता ऑपरेशननंतर पुढच्या वर्षांत काय लक्षात ठेवायचं. पाळी नेहमीपेक्षा आठवडाभर लांबली, किंवा आली पण नेहमीसारखी नाही, नुसते डाग पडतायत, आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, तर घरी पट्टी आणून टेस्ट करा, त्याच दिवशी. पॉझिटिव्ह आली तर गर्भपाताच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, हे जरा ठळक ऐका, कारण हल्ली सर्रास होतं. त्या गोळ्या पिशवीतल्या गर्भावर काम करतात, नळीतल्या गर्भावर नाही. रक्तस्राव होतो, बाईला वाटतं पडलं एकदाचं, आणि नळीतला गर्भ वाढत राहतो. त्याऐवजी खालून सोनोग्राफी. फार लवकर गेलात आणि पिशवी रिकामी दिसली, नळीतही काही दिसलं नाही, तर बीटा एचसीजी रक्तात मोजतात आणि ४८ तासांनी पुन्हा. नॉर्मल गर्भात ते त्या वेळात निदान दीडपट तरी व्हावं, खूप हळू वाढलं किंवा अडखळलं तर संशय वाढतो, पण बरोबर वाढलं म्हणून नळीतला गर्भ नाही असं होत नाही, सोनोग्राफी पुन्हा करावीच लागते. लवकर सापडला आणि बाई स्थिर असेल तर मेथोट्रेक्सेट इंजेक्शननेही जिरवता येतो, पण ज्या बाईला मूल नकोच आहे तिची नळी काढणंच मला बरं वाटतं, एकदाच संपतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं आठवण करून विचारा. आणि खांदा दुखतोय, चक्कर येतेय, उभं राहिलं की अंधारी येतेय, तर पट्टीही नको, सोनोग्राफीची तारीखही नको, मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं आणि दारातच सांगायचं की ऑपरेशन झालंय तरी माझी पाळी चुकलीय.

डिस्चार्ज कार्डवर पद्धत लिहून घ्या, नुसतं नसबंदी झाली एवढं नको, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी, बांधून कापली की रिंग की पूर्ण काढली, दोन्ही बाजू का एकच, तुकडे तपासायला पाठवले असतील तर तो रिपोर्ट. तुमच्या मावसबहिणीकडेही तिचं जुनं कार्ड असेल तर बघा, कुठल्या पद्धतीने झालं होतं आणि नळीच्या गर्भाच्या वेळी दुसरी नळी काढली होती की ठेवली होती. ठेवली असेल तर तिला अजून पाळी चुकली की पट्टी करावीच लागेल, हे तिला कुणी सांगितलंय का विचारा.